काकांचं मीटर आणि आमचं मीटर

परवा जुनं सामान आवरताना कपड्याच्या चिमट्यासारखा एक निळा सेन्सर सापडला आणि विष्णुपुरीची खोली आठवली. आम्ही तिघे मित्र तिथे भाड्याने राहायचो. पॉवर सिस्टीमच्या प्रोजेक्टला आम्ही स्मार्ट मीटर करायला घेतलं होतं. हा चिमटा वायरभोवती लावायचा, त्यातून १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर मिळतात. ते ईएसपी८२६६ ने मोजायचे आणि आकडे वायफायवरून मोबाईलवर. इस्त्री लावून पाहिली, आकडा अगदी बरोबर आला. आम्ही खूश!

मग घरमालक काकांच्या पाण्याच्या मोटरवर चिमटा लावला. ३.२ अँपिअर, गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे ७३६ वॉट. काकांच्या मीटरवर लिहिलं होतं, १६०० ठिपके म्हणजे एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून लाल दिव्याच्या लुकलुकी मोजल्या. पाच मिनिटांत ६४. म्हणजे ०.०४ युनिट, तासाला ०.४८. थोडक्यात ४८० वॉट.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काका, तुमचं मीटर हळू पळतंय."

काकांचा चेहराच उतरला. "अरे बाप्पा! चोरी म्हणून धरतील की मला! मी काही केलं नाही रे." दुसऱ्या दिवशी ते वीज कार्यालयात अर्ज द्यायला निघणार होते.

रात्री मला झोप येईना. चूक आमचीच होती. इस्त्रीत व्होल्टेज आणि करंट सोबत चढतात, सोबत उतरतात, म्हणून नुसता गुणाकार चालतो. मोटरीत करंट मागे रेंगाळतो. प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा मोटरीकडे जाऊन परत येते. घरगुती मीटर ती युनिटमध्ये धरत नाही, आम्ही मात्र धरली होती. ४८० भागिले ७३६, म्हणजे मोटरीचा पॉवर फॅक्टर सुमारे ०.६५. पुस्तकातलं हे गणित परीक्षेत दहादा सोडवलं होतं!

आमच्या मीटरला व्होल्टेज दिसतच नव्हतं, २३० आम्ही गृहीत धरलेले. ईएसपी८२६६ ला अॅनालॉग पिन एकच, म्हणून ईएसपी३२ आणलं. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेजची लहर घेतली. दर क्षणाचे दोन्ही आकडे गुणून मग सरासरी काढली. (वायफाय सुरू असताना एडीसी२ च्या पिन चालत नाहीत, त्यात एक दिवस गेला.) आता आकडा काकांच्या मीटरशी जवळपास जुळला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी सकाळी सहालाच काकांचं दार वाजवलं. "काका, जाऊ नका. तुमचं मीटर बरोबर आहे, आमचंच चुकलं."

काका हसले, चहा पाजला. म्हणाले, "मग आधी कामून सांगितलं रे?"

ह्याचं उत्तर मात्र माझ्याकडे अजूनही नाही.