आहेराचं फडकं

आमच्या राणीसावरगावात पूर्वी वस्तू कशात बांधून द्यायची, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. शेतात जाणारी भाकर फडक्यात, लेकीसोबत जाणारी शिदोरी फडक्यात, बाळंतिणीला पाठवलेले डिंकाचे लाडूही फडक्यातच. ज्याच्याकडं फडकं जायचं तो ते धुऊन, घडी घालून परत पाठवायचा. तेही रिकामं नाही. मूठभर साखर, चार बोरं, हंगाम असला तर हुरडा, काहीतरी बांधूनच. भांडं जसं रिकामं परत देत नाहीत, तसंच फडक्याचं. या रीतीमुळं एकेक फडकं दहा-दहा वर्षं गावात फिरायचं.

मग चमकी कागद आला. गंगाखेडच्या बाजारात तो रिमानं मिळायला लागला आणि लग्नाचा आहेर त्याच्यात गेला. दिसायला झकास, पण त्याचं आयुष्य किती, तर घेणाराच्या हातात पडून फाटेपर्यंत. बरं, त्याला कागद म्हणायचं तेही नावाला. चमकणारा बहुतेक कागद म्हणजे पातळ प्लास्टिकवर धातूचा मुलामा. मातीत कुजत नाही, चुलीत घातला तर वितळून घाण वास सुटतो. मांडव मोडल्यावर वाऱ्यानं तो आमच्या बांधावर येतो, कडब्यात अडकतो आणि कडब्याबरोबर जनावराच्या पोटात जातो. सरकारनं २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा गावात पिशव्यांची चर्चा झाली. आहेराच्या कागदाकडं कुणी बघितलंही नाही.

माझ्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा तीस आहेर बांधायचे होते. मी म्हटलं, कापडात बांधू. वहिनी लगेच म्हणाल्या, “भाऊजी, पाव्हणे काय म्हणतील? कागदाला पैसे नव्हते म्हणून जुनेरात गुंडाळलं म्हणतील. उद्या लेकीला त्याच घरात नांदायचंय.” त्यांचं काही चुकीचं नव्हतं. आहेरात वस्तूच्या आधी मान बघतात. म्हणून ठरवलं, बांधायचं तर असं, की बघणाराला ते कागदापेक्षा भारी वाटलं पाहिजे.

कापड तीन तऱ्हेचं घेतलं. पहिलं छत्तीस पन्ह्याचं मांजरपाट, अकरा मीटर. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवलं. कोऱ्या कापडाला खळ असते, तिच्यामुळं गाठ फुगते, बसत नाही. शिवाय मांजरपाट आटतं. धुतल्यावर पन्हा चौतीस इंचावर आला, मग चौतीस बाय चौतीसचे बारा चौकोन कापले. आधी कापून मग धुतले असते तर वाकडेतिकडे झाले असते. दुसरं, घरातली तीन सुती लुगडी. लुगडं बसायच्या जागी विरतं, पदर आणि काठाकडचं कापड शाबूत राहतं. उन्हाकडं धरून बघायचं. जिथं जाळी दिसते ते सोडायचं. दोन अंगठ्यांनी ताणल्यावर चर्र वाजलं तर तेही वाकळीला ठेवायचं. असे दहा चौकोन निघाले. तिसरे आठ ब्लाउजपीस. ते आहेरात द्यायचेच होते, तर त्यांच्यातच साडी बांधली, न कापता, न शिवता.

किती मोठं कापड लागेल त्याचा माझा हिशोब साधा आहे. वस्तूची सगळ्यांत लांब बाजू मोजा, तिची दुप्पट करा, वर चार बोटं धरा. तेवढा चौकोन लागतो. साडीचा खोका चौदा इंच लांब, दोन इंच जाड. दुप्पट अठ्ठावीस, वर चार बोटं म्हणजे एकतीस. चौतीसच्या कापडात गाठीला वीतभर टोक उरतं. खोका याहून जाड असला तर मात्र जाडीएवढं कापड वाढवावं लागतं.

बांधायची रीत अशी. कापड जमिनीवर शंकरपाळ्यासारखं, म्हणजे एक टोक आपल्याकडं करून अंथरायचं. वस्तू मधोमध ठेवायची. आपल्याकडचं टोक वस्तूवर टाकायचं, समोरचं त्याच्यावर. मग डावं-उजवं टोक वर घेऊन गाठ मारायची. सगळी मेख या गाठीत आहे. उजवं टोक डाव्यावरून घेऊन पहिला अढा, मग तेच टोक आता डावीकडं आलेलं असतं, ते परत उजव्यावरून घेऊन दुसरा अढा. बरोबर बसली तर गाठीचे दोन्ही कान कापडाच्या रेषेत आडवे पडतात. कान वर-खाली उभे राहिले की समजायचं, गाठ उलटी पडली; ती प्रवासात सुटते नाहीतर अशी आवळते की दातानं सोडावी लागते. बरोबर बसलेली गाठ सोडायला एक कान धरून विरुद्ध बाजूला ओढायचा. तो सरळ होतो आणि दुसरा त्याच्यावरून घसरून निघतो. जपानी लोक अशा बांधणीच्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. तिथल्या पर्यावरण मंत्र्यांनी २००६ साली कचरा कमी व्हावा म्हणून खास असं कापड काढलं होतं. त्यांचीही मुख्य गाठ हीच.

मांजरपाटाला आणि लुगड्याच्या तुकड्यांना शिंप्याकडून लाल दोऱ्याचा पिको करून घेतला. त्यानं दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. लग्न माघातलं, ज्वारी निसवून भरलेली, म्हणून प्रत्येक गाठीत एकेक जोंधळ्याचं कणीस खोवलं. पाव्हण्यांपैकी एक म्हातारी गाठोडं हातात घेऊन म्हणाली, “ही गाठ कुणी मारली? सोडू वाटना गेलीय.” वहिनींच्या तोंडावरचा ताण तेव्हा उतरला.

खर्चाचं खरं सांगतो. मांजरपाट पाचशे पन्नास, बावीस कापडांचा पिको दोनशे वीस, एकूण सातशे सत्तर. तीस आहेरांत एकेकाला पंचवीस-सव्वीस रुपये. चमकी कागद आणि चिकटपट्टी यांनाही जवळपास तेवढेच लागले असते. म्हणजे पहिल्या खेपेला बचत काहीच नाही. बचत होते ती दुसऱ्या खेपेपासून, आणि तीही कापड पुन्हा वापरलं गेलं तर.

म्हणून मी वर्षभर नजर ठेवली. मांजरपाटाच्या बारापैकी नऊ माझ्या डोळ्यांनी वापरात पाहिले: कुणाच्या भाकरी त्यात, कुणी दह्याच्या गाडग्यावर बांधलेलं, एक तर संक्रांतीला तिळगूळ घेऊन आमच्याच घरी परत आलं. लुगड्याचे चार दिसले. ब्लाउजपीस एकही नाही. ते गुळगुळीत, पॉलिस्टरचे. त्यांची गाठ निसटते, घाम टिपत नाहीत, भाकर त्यात ओली होते. ते ओटीतून ओटीत फिरतात आणि शेवटी ट्रंकेत पडून राहतात. कापड म्हणून काहीही बांधलं की काम झालं, असं नाही. गाठ सुटल्यावर त्या घरात ज्याचा उपयोग होईल तेच कापड टिकतं.

दोन गोष्टी कापडाला चालत नाहीत. तेलकट किंवा पाकातली मिठाई थेट बांधू नये. डबा घालावा, नाहीतर डाग जात नाही. आणि हळद-कुंकू कापडाला लावू नये, आतल्या सुपारीला लावावं. हळदीचा डाग पडलेलं फडकं कुणी पुढं आहेराला वापरत नाही, ते पोतेऱ्यात जातं.