बारा कडांचा घन आणि एक सुटलेला जोड



घनाला आठ शिरोबिंदू, बारा कडा आणि सहा पृष्ठे असतात, हे आपण पाचवीच्या वर्गात खडूच्या खोक्यावर दाखवतो. त्याच घनाच्या प्रत्येक कडेच्या जागी एकेक हजार ओहमचा रेझिस्टर जोडला, तर एका कोपऱ्यापासून त्याच्या अगदी समोरच्या कोपऱ्यापर्यंत एकूण रोध किती? बारावीच्या मुलांना हे गणित हमखास भेटतं आणि बरीच मुलं '५/६' हे उत्तर पाठ करून मोकळी होतात. माझ्या भाच्यालाही ते पाठ होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने असा घन सोल्डर करून बनवला, पण आदल्या संध्याकाळी मल्टिमीटर ८३३ दाखवेना. "मावशी, बाराच्या बारा रेझिस्टर बदलावे लागणार," असं म्हणून तो रडकुंडीला आला होता.

मी प्राथमिकची शिक्षिका. पण सममिती हा तर आपल्याच वर्गातला विषय, म्हणून घन घेऊन बसले.

आधी हे ८३३ येतं कुठून ते पाहू. इथे एकसर-समांतरचे नियम थेट चालत नाहीत, कारण प्रत्येक कोपऱ्यात तीन कडा एकत्र येतात. मग घनाचे समोरासमोरचे दोन कोपरे दोन बोटांत धरा आणि घन एक तृतीयांश फिरवा. तो जसाच्या तसा दिसतो. म्हणजे पहिल्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांत डावं-उजवं करायला कारणच नाही. ६ मिलिअँपिअर धारा आत सोडली, तर प्रत्येकीत २ जाणार. पुढच्या कोपऱ्यात प्रत्येक धारेला दोन सारख्याच वाटा, म्हणून १-१. शेवटी दोन-दोन धारा एकत्र येऊन पुन्हा २. आता कोणत्याही एका वाटेने चालत जा. हजार ओहमवर अनुक्रमे २, १ आणि २ व्होल्ट पडतात, एकूण ५ व्होल्ट. त्याला ६ मिलिअँपिअरने भागलं की ८३३ ओहम.

मुलं चुकतात ती इथून पुढे. मल्टिमीटरच्या पिना एकाच कडेच्या दोन टोकांना लावल्या, तरी ती धारेचे तीन सारखे भाग करतात. पण आता घन त्या दोन कोपऱ्यांत धरून फिरवला तर तो तसाच दिसत नाही. एक कडा थेट दुसऱ्या पिनेकडे जाते, बाकीच्या दोन वळसा घालतात. सारख्या आहेत त्या फक्त या दोन. ६ पैकी ३.५ मिलिअँपिअर थेट कडेतून जाते आणि उरलेल्या दोघींतून १.२५-१.२५. रोध येतो ५८३ ओहम.

आता भाच्याचा घन. घनाला असे चार कर्ण असतात आणि घन चांगला असेल तर चारही कर्णांवर जवळपास एकच आकडा यायला हवा. आम्ही चारही मोजले. दोन कर्णांवर ११०० च्या आसपास, दोन कर्णांवर ९०० च्या आसपास! रेझिस्टरचा शेवटचा पट्टा सोनेरी होता, म्हणजे पाच टक्के कमी-जास्त चालतं. पण तेवढ्याने ८३३ फार तर ८७५ पर्यंत जाईल. म्हणजे एखादी कडा उघडी पडली असणार.

कोणती? सुटलेल्या कडेच्या टोकांतून दोन कर्ण निघतात. त्या कर्णांसाठी ही कडा २ मिलिअँपिअर वाहणारी, म्हणून ती गेल्याचा फटका मोठा: ११००. उरलेल्या दोन कर्णांसाठी ती मधली, १ मिलिअँपिअरची, म्हणून ९०० वरच भागतं. ज्या दोन कर्णांवर ११०० आले, त्यांची टोकं जोडणाऱ्या कडा चार असतील असं भाच्याला वाटलं. त्याने बोट ठेवून मोजल्या तर दोनच निघाल्या, एकमेकींच्या समोरासमोर. बारांतून दोन उरल्या.

मग दोन्ही कडांवर पिना लावल्या. एकीवर ६०० च्या जवळ, दुसरीवर १४०० च्या जवळ. १४०० वाली सुटलेली. तिथे धारेला थेट वाट नाही, सगळा वळसाच. नीट पाहिलं तर कोपऱ्यात तीन तारा एकत्र आलेल्या दिसत होत्या, पण त्यातली एक सोल्डरला नुसती टेकली होती. तेवढा एक जोड पुन्हा तापवला आणि चारही कर्ण ८३० च्या घरात आले. एकही रेझिस्टर बदलावा लागला नाही.

घरी मोठं मूल हे गणित करत असेल, तर त्याला '५/६' म्हणायच्या आधी एकच विचारा: पिना कुठे लावल्यात, आणि त्या तिथेच ठेवून घनाच्या सममितीने कोणत्या कडा एकमेकींच्या जागी येतात? त्याच कडांत धारा सारखी वाटायची, बाकीच्यांत नाही.