वाढत्या अंगाचा ड्रेस

लहानपणी आई आमचे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायची. खाली चार बोटं मुडप आणि बगलेत भरपूर माया. दर जूनमध्ये थोडं उसवायचं की फ्रॉक आणखी वर्षभर चालायचा. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात मी शाळेत शिकवताना घालायला ड्रेस शिवायला बसले, तेव्हा मला वाटलं तेवढंच करायचंय.

माझ्याकडे माझ्या मापाचा एक कागदी पॅटर्न होता, साधा, गुडघ्याखालपर्यंतचा. तो मी सगळीकडून दोन दोन इंच वाढवून कापला. ड्रेस अंगात गेला खरा, पण खांदे दंडावर उतरले, गळा पुढून सुटायला लागला आणि पाठीवर कापडाचा झोळ झाला. समोरून मात्र खालची कड वर चढली होती. आई म्हणाली, "अगं, पाठ कुठं वाढतेय तुझी? पोट वाढतंय. पोटावरनं कापड जायला लांबी नको का?"

तिनं मला उभं केलं, पोटावर छोटी उशी ठेवली आणि वरून ओढणीनं बांधली. मग छातीच्या खालून गुडघ्याखालपर्यंत टेप धरली. उशीशिवाय अंतर २९ इंच होतं, उशीवरून ३२. हे तीन इंच रुंदीतून कधीच मिळत नाहीत. कापड पोटाच्या उंचवट्यावरून चढून उतरतं, त्यात लांबी खर्च होते आणि म्हणून पुढची कड वर उचलली जाते. दुकानातून दोन साइझ मोठा कुर्ता आणला तरी हे होतंच. खांदा, मुंढा आणि पाठ आपलीच ठेवायची, बदल फक्त पुढच्या भागात करायचा, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मग जुन्या वर्तमानपत्रावर पॅटर्न नव्यानं काढला. पुढचा भाग छातीखाली आडवा कापून योक वेगळा केला. ही रेघ नेहमीच्या जागेपेक्षा एक इंच खाली घेतली, कारण छाती जड होते तशी खाली येते आणि शिवण तिच्यावर चढली तर दिवसभर काचते. योकखालच्या घेराची वरची कड २४ इंच ठेवून चुण्या घातल्या. पण चुण्या सगळीकडे सारख्या पसरल्या नाहीत, मधल्या आठ इंचांत गोळा केल्या आणि बाजू सपाट सोडल्या. बाजूला चुण्या आल्या की माणूस उगाच रुंद दिसतो आणि पोटावर मात्र कापड कमीच पडतं. जास्तीचे तीन इंच घेराच्या खालच्या कडेला मधोमध दिले, बगलेकडे जाताना शून्यावर आणले आणि आत मुडपून कच्च्या टाक्यांनी धरले. सातव्या महिन्यात मी ते टाके ओढून काढले आणि कड सरळ जमिनीला समांतर आली.

ताणाच्या पट्ट्यांबद्दल माझा एक गैरसमज होता. मला वाटायचं, बगलेत होजिअरीची पट्टी घातली की पोट आपोआप मावेल. हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की दोन इंचांची पट्टी फार तर पावणेतीन इंचांपर्यंत जाते. दोन्ही बाजूंचे मिळून दीड इंच. नवव्या महिन्याच्या पोटाला तेवढ्यानं काहीच होत नाही, ते काम चुण्यांचं. पट्टी लागते ती छातीला आणि बरगड्यांना, कारण तिथे चुण्या घालता येत नाहीत. चौथ्या महिन्यात माझी छाती ३६ होती आणि शेवटी ३९ होईल असा अंदाज धरला. मी पुढचा योक १४, पाठ १४ आणि दोन्ही बाजूंना काखेपासून कुल्ल्यापर्यंत चार चार इंचांच्या पट्ट्या धरल्या. मिळून ३६. ३९ व्हायला प्रत्येक पट्टीला दीड इंच ताणायचं, चारची साडेपाच. एवढं कापड देतं. पट्टी जादा जोडायची नसते, तेवढं मूळ कापड कापून तिथे बसवायची असते, नाहीतर पाचव्या महिन्यात ड्रेस लोंबतो.

होजिअरी घेताना मी दुकानातच चार इंचांवर दोन बोटं धरून कापड साडेपाचपर्यंत ओढून पाहिलं. पहिलं सोडल्यावर साडेचारवरच थांबलं. ते आठवडाभरात बगलेत फुगलं असतं. दुसरं परत बरोबर चारवर आलं, तेच घेतलं. ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, म्हणून पट्ट्या कापताना कापडाची दिशा दोनदा तपासली. कापायच्या आधी सुती कापड आणि होजिअरी दोन्ही धुऊन घेतली.

आमच्या पायमशीनवर फक्त सरळ टाका आहे. पट्टीच्या उभ्या शिवणी त्यानं चालून गेल्या, कारण तिथे ताण शिवणीला आडवा पडतो. पण मुंढ्याची शिवण काखेत पट्टीला आडवी ओलांडते. फळ्यावर लिहायला हात वर केला आणि तिसऱ्याच दिवशी तिथला दोरा तट्कन तुटला. तेवढे चार इंच उसवून शेजारच्या टेलरकाकांकडून झिगझॅग मारून आणले. त्यांनीच सुई बदलायला सांगितली. साध्या सुईनं होजिअरीवर मधले मधले टाके सुटतात, टोक गोल असलेली बॉलपॉइंट सुई लावली की सुटत नाहीत.

दूध पाजायची सोय मी शिवतानाच करून ठेवली होती. विकतच्या एका कुर्त्याला छातीवर उभ्या चेन होत्या, त्या पाहून आणि हात लावून मी नको म्हटलं. चेनीचं टोक बरोबर बाळाच्या गालाशी येतं आणि बाळ हातात असताना ती एका हातानं उघडत नाही. मी योक दुहेरी केला. आतला होजिअरीचा, घेराला शिवलेला, दोन्ही बाजूंना अर्धगोल कापून मधे चार इंचांचा भाग ठेवलेला. कापलेल्या कडांना उरेब पट्टी लावली. वरचा योक सुती, दोन इंच जास्त लांब, खालून मोकळा, फक्त बगलेच्या शिवणीत पकडलेला. वरचा पदर उचलायचा, आतलं बाजूला सारायचं. पोट झाकलेलंच राहतं, कारण घेर आतल्या योकला धरून असतो.

बाळ आल्यावर दोन चुका सापडल्या. वरचा योक मी बगलेत अगदी तळापर्यंत शिवला होता, त्यामुळे तो उचलताना अडकायचा. बाळ रडतंय आणि मी कापडाशी झटापट करतेय, असे चार दिवस गेले. आईनं दोन्हीकडे खालचे अडीच इंच उसवले आणि पदर सहज वर जाऊ लागला. दुसरी चूक मापाची होती. आतली मोकळी जागा मी शिवतानाच्या मापानं आखली होती, पण दूध उतरल्यावर छाती इंचभर आणखी खाली आली. उरेब पट्टी काढून तेवढं खाली कापावं लागलं. समोरची कड परत तीन इंच मुडपली, ती अजून तशीच आहे.

आता नणंदेला सहावा लागलाय. तिला पॅटर्न पाठवताना त्या वर्तमानपत्रावर मी लाल पेनानं दोनच गोष्टी लिहिल्या: "आतली जागा एक इंच खाली घे" आणि "बगलेत खालचे अडीच इंच शिवू नकोस."