ब्राऊन राईस आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात पांढऱ्या भाताची चिंता नसते. 1 वाटी तांदूळ 20 मिनिटे भिजवून, 2 वाट्या पाण्यात थेट कुकरमध्ये लावला की 10 मिनिटांत गॅस बंद करता येतो. त्याच हिशेबाने कोंडा न काढलेला ब्राऊन राईस लावल्यास दाणा आत कच्चा राहतो आणि घरातील वृद्धांना तो चावत नाही. कारण कोंड्याचा थर पाणी सहज आत जाऊ देत नाही.

हिवाळ्यात साडेपाचला ताट वाढायचे असेल, तर 1 वाटी ब्राऊन राईस दुपारी एकलाच भिजत घालावा. पावणेपाचला पाणी निथळून अडीच वाट्या ताज्या पाण्यात तो कुकरला लावावा. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून 20 मिनिटे ठेवावी. शिट्या मोजू नयेत. मग वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण त्या 10 मिनिटांतही दाणा शिजत असतो.

झाकण उघडल्यावर एक दाणा बोटांनी दाबून पाहावा. मध्ये कडक कण लागला, तर पाव वाटी उकळते पाणी शिंपडून भात आणखी 5 मिनिटे मंद आचेवर ठेवावा. भिजवणे टाळून नुसते पाणी वाढवल्यास दाणा बाहेरून फुटतो, आत मात्र कडकच राहतो.