मॅडमची चिठ्ठी

नातीच्या दप्तरात निघालेली ती चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर होती. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या मॅडमनी पोराच्या अन् सुनेच्या नावानं लिहिलेली. पोरगा सोयाबीन घेऊन तालुक्याला गेलेला, म्हणून सुनेनं ती माझ्याच हातात दिली.

“आपली मुलगी गेल्या तीन आठवड्यांत नऊ वेळा डोके व पोट दुखते म्हणून रडली. तारखा खाली लिहिल्या आहेत. बहुतेक वेळा पहिल्याच तासाला दुखते, दुपारनंतर कमी होते. अंग गरम नव्हते, उलटी नव्हती. ती ढोंग करते असे मला वाटत नाही. दवाखान्यात दाखवावे. सकाळी काय खाऊन येते, शौचास साफ होते का, फळ्यावरचे दिसते का, घरी काही घडले आहे का, हे कळवावे. सुटीच्या दिवशी दुखते का तेही पाहावे.”

आमच्याकडे लेकराचं पोट दुखलं की दोनच विचार. एक तर नजर लागली, नाहीतर शाळेचा कंटाळा. पोरानं संध्याकाळी चिठ्ठी वाचली अन् म्हणे, “दोन देऊन द्या, बंद होते दुखणं.” मी म्हटलं, मॅडमनी तारखा लिहिल्या आहेत, आधी त्या पाहू.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर पोरीला म्हणाले, एका बोटानं दाखव कुठं दुखतं. तिनं सगळा तळहात बेंबीभोवती फिरवला. त्यावरून त्यांना बरंच समजलं. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, एकाच जागी, तितकी आतल्या आजाराची शंका जास्त, असं ते म्हणाले. मग त्यांनी आम्हाला विचारलं, दुखण्यानं झोपेतून उठते का, वजन उतरलं का, शौचातून रक्त जातं का, लघवीला जळजळ होते का, डोकं दुखून पहाटे उलटी होते का. यातलं एकही असतं तर पुढं पाठवलं असतं. काही नव्हतं. वजन ठीक, लघवी तपासली ती साफ. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळही तिनं वाचली. जंताची गोळी शाळेत झालीच होती.

“दुखणं खरं आहे,” डॉक्टर पोराकडं पाहून म्हणाले. “कोर्टाच्या तारखेला जाताना तुमच्या पोटात कालवतं ना, तसं. हिच्या पोटात रोज कशाची तरी तारीख आहे. ती शोधा.”

सुनेनं कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या. पहिल्या रविवारी पोरीला काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी मात्र दिवस बुडताना पोट दुखलं, त्या रात्री पोरगा ओलिताला वावरात जाणार होता. रातच्या लाईनीची पाळी होती. मग मॅडमच्या तारखा अन् कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिलं. पहिली तारीख होती आमच्यापासून चौथ्या घरातल्या कास्तकाराच्या तेरवीनंतरची. तो फवारणीचं औषध प्यालेला. त्याची पोरगी हिच्याच वर्गात, हिच्याच पट्टीवर बसणारी.

२००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्यांपायी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात बुलडाणा होताच. आम्हा मोठ्यांना ही बातमी इतकी सवयीची झाली, की आम्ही ओट्यावर बसून तिच्यासमोरच बोलत होतो. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ अन् बाजारात चार हजाराच्या आसपास, बँकेचं कसं भरायचं, हे सारं. आठ वर्षांच्या पोरीला ते नवं होतं.

मी तिला वावरात नेलं अन् बोरं वेचता वेचता विचारलं. लय वेळ गप्प. मग म्हणे, “आबा, मी शाळेत गेल्यावर पप्पायले कोन पाह्यते?”

हे ऐकून पोरगा बराच वेळ बैलाजवळ जाऊन उभा राहिला. औषधाच्या बाटल्या तोवर कोठ्यातच होत्या, त्या त्यानं त्याच दिवशी पेटीत घालून कुलूप लावलं. पोरीला किल्ली आजीजवळ असते हे दाखवलं. कर्ज आहे, पण ते फेडायला मी राहणार आहे, असं तिला समजेल असं सांगितलं. तिच्यामागून मी त्यालाही विचारलं, तुझ्या मनात काही आहे का. बापानं पोराला असं विचारायची आमच्यात रीत नाही. तो म्हणाला, “झोप लागत नाही, एवढंच.” मग त्यालाही त्याच डॉक्टरांकडं नेलं.

मॅडमनी शाळेतलं सांभाळलं. दुखलं की घरी पाठवायचं नाही, कारण घरी पाठवलं तर भीतीच खरी ठरते अन् दुसऱ्या दिवशी पाय निघत नाही. कोपऱ्यातल्या चटईवर दहा मिनिटं पडायचं, पाणी प्यायचं, परत जागेवर. गोळी नाही. अन् आम्ही “आज दुखलं का?” हे रोज विचारणं बंद केलं. सकाळी पोरगाच तिला सोडायला जाऊ लागला, फाटकाशी सांगायचा, आज अमुक वावरात आहे, अमुक वेळेला घरी येतो. सांगितलेली वेळ त्यानं पाळली.

मॅडमची पुढची चिठ्ठी महिन्यानं आली, तिच्यात दोनच तारखा होत्या. दोन्ही रातच्या ओलिताच्या. आता पाळी असली की तो नऊ वाजता बांधावरून फोन करतो. कधी रेंज नसली की पोरगी ओट्यावर जागी असते, अन् मी तिच्याजवळ बसतो.