तळाचा नळ

भाचा चाकणला एका कारखान्यात पाळीने कामाला आहे आणि पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करतो आहे. कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या तो पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘मामा, हे बघ ना.’ परवाच्या फोटोत पान मांडीवर नीट पसरलेलं नव्हतं. शिवणीकडचा भाग आत वळलेला, त्यावर अंगठ्याची सावली. वाचता आलं ते एवढं : एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ८ तासांत. तळाशी असलेला तिसरा नळ १२ तासांत ती टाकी... आणि इथे शब्द शिवणीत गडप. पुढच्या ओळीत ‘करतो. तिन्ही नळ एकदम सुरू केल्यास टाकी किती वेळात भरेल?’

भरतो की रिकामी करतो? पर्यायांवरून ठरवावं म्हटलं, तर दिसत होते त्यात २ तास ४० मिनिटंही होती आणि ४ तास ४८ मिनिटंही. पहिलं उत्तर तिन्ही नळ भरणारे असतील तर येतं, दुसरं तिसरा नळ सोडणारा असेल तर. गणित काढणाऱ्याने चूक करणाऱ्यासाठीही जागा राखून ठेवलेली असते, त्यामुळे पर्याय अशा वेळी साक्ष देत नाहीत. साक्ष होती ती ‘तळाशी’ या शब्दाची. भरणाऱ्या नळाची जागा सांगायची पुस्तकाला गरज पडत नाही, आणि ‘भरतो’ असतं तर पुढे ‘करतो’ लागलं नसतं. म्हणजे ‘रिकामी करतो’.

भाच्याला मी ल.सा.वि.ची रीत सांगितली, कारण अपूर्णांकांपेक्षा ती डोळ्यांना दिसते. ६, ८ आणि १२ यांचा ल.सा.वि. २४, म्हणून टाकी २४ हंड्यांची माना. पहिला नळ तासाला ४ हंडे आणतो, दुसरा ३, तळाचा २ नेतो. तासाला उरतात ५. चोवीसला पाचाने भागा : ४ तास ४८ मिनिटं. पडताळा सोपा आहे. तळाचा नळ बंद असता तर चोवीसला सातांनी भागून साडेतीन तासांच्या आत टाकी भरली असती, म्हणून उत्तर त्याहून मोठंच यायला हवं. लहान आलं तर वजाबाकीच्या जागी बेरीज झाली आहे.

त्याने लगेच पुढचं पान पाठवलं. मी मात्र त्या दोन हंड्यांपाशी अडकून पडलो.

लहानपणी आम्ही भोसरीला काकांकडे राहायचो. गुरुवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी, म्हणून गच्चीवरची टाकी धुण्याचा वारही गुरुवार. काका टर्नर होते. मोजल्याशिवाय त्यांना कशावर विश्वास ठेवता यायचा नाही. टाकी काळी, गोल, सरळ भिंतींची. तिच्यात ते एक वेताची काठी उभी करत आणि तळाशी धुण्यासाठी ठेवलेली तोटी उघडत. सुरुवातीला पाणी तोटीतून दूरवर, गच्चीच्या कठड्याजवळ जाऊन पडायचं. मग धार हळूहळू जवळ यायची, शेवटी टाकीच्याच पायाशी गळायची. पाऊण टाकी बघताबघता संपायची आणि उरलेल्या पावासाठी तितकाच वेळ आणखी बसावं लागायचं. काकू खालून विचारायच्या, ‘अहो, झाली का?’ काका काठी काढून ओला भाग दाखवत म्हणायचे, ‘वरचं पाणी घाईचं, खालचं सावकाशीचं.’ मला ते पाण्याच्या स्वभावाबद्दल बोलतात असं वाटायचं. ते उंचीबद्दल बोलत होते. त्या काठीवर त्यांनी चाकूने खुणा पाडल्या होत्या, दर दहा मिनिटांना एक, आणि त्या खुणा खाली खाली एकमेकींच्या जवळ येत गेल्या होत्या. इतकी सुंदर मोजपट्टी मी नंतर कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही.

टॉरिचेल्ली या इटालियन गणितज्ञाने हे १६४४ साली नियमात मांडलं : भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची पाव राहिली की वेग निम्मा. त्यातून सरळ भिंतींच्या टाकीबद्दल एक नेमकी गोष्ट निघते. ती १२ तासांत रिकामी होत असेल, तर पहिल्या ६ तासांत तीन चतुर्थांश पाणी जातं आणि उरलेल्या पावाला पुढचे ६ तास लागतात. म्हणजेच भरलेल्या टाकीतून पाणी सुटतं ते तासाला २ हंडे नव्हे, ४ हंडे. दोन ही नुसती सरासरी.

आता पुस्तकातली टाकी पुन्हा भरू. वरून तासाला ७ हंडे येतात, आणि नळ वर असल्याने आतल्या पातळीचा त्यांच्यावर परिणाम नाही. तळ कोरडा असताना बाहेर काहीच जात नाही, सातच्या सात हंडे जमा होतात. काठाजवळ ४ जाऊ लागतात, ३ उरतात. नियमाप्रमाणे बेरीज केली की वेळ येतो सुमारे ५ तास ४८ मिनिटं. पुस्तकाच्या उत्तराहून जवळजवळ बरोब्बर एक तास जास्त! कारण असं, की रिकामी होताना टाकी बराच वेळ उथळ पाण्यात काढते, जिथे गळती मंद असते. भरताना ती उथळ भागातून झपाट्याने वर येते आणि बराच वेळ काठाजवळ रेंगाळते, जिथे गळती जोरात असते.

याहून मोठा फरक दुसरीकडे पडतो. ६ तासांचा नळ बंद ठेवा, ८ तासांचा आणि तळाचा चालू ठेवा. पुस्तक म्हणेल, ३ आले, २ गेले, एक उरला, २४ तासांत टाकी भरली. खरी टाकी कधीच भरणार नाही. पाणी साडेतेरा हंड्यांपर्यंत चढेल, तिथे तळाची धार नेमकी तासाला ३ हंड्यांची होईल आणि पातळी थबकेल. रात्रभर नळ चालू ठेवला तरी बोटभर वर सरकणार नाही.

आमच्या शहरात हे नुसतं परीक्षेचं गणित नाही. पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढवलं जातं, आणि पिंपरी-चिंचवडला ते नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड मिळू लागलं. पाणी आलं की सोसायटीची टाकी भरू लागते आणि त्याच घटकेला प्रत्येक घरातली तोटी उघडते. टाकी अर्ध्याच्या थोडी वर थबकली की सभेत टँकरचा विषय निघतो. थबकलेली पातळी पाणी कमी आल्याचीच खूण असते असं नाही. तिचा अर्थ एवढाच, की येणारं आणि जाणारं त्या उंचीला समसमान झालं आहे. जाणाऱ्यात वापर किती आणि गळती किती हे तिथे दिसत नाही. ते पाहायला येणारा नळ आणि घरांकडे जाणारी झडप, दोन्ही रात्री बंद करावे लागतात, टाकीच्या भिंतीवर खडूने पातळीची रेघ मारावी लागते आणि सकाळी काठी घालून पाहावं लागतं. पातळी रेघेवरच असेल तर टाकी शाबूत, पाणी झडपेच्या पुढे जातं आहे. पातळी उतरून मध्येच कुठेतरी थांबली असेल, तर भेग त्याच उंचीला शोधावी. उतरतच राहिली तर तळ किंवा तळाची तोटी.