आज्ञा शेवटी असते

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, दहावीचं मराठी शिकवणाऱ्या एक बाई प्रश्न उलटा वाचायला लावतात: शेवटचा शब्द आधी. आपल्या भाषेत आज्ञा वाक्याच्या टोकाला येते आणि घाईतला विद्यार्थी तिथवर पोचण्यापूर्वीच लिहायला लागलेला असतो.

राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत पठित गद्यावर सात गुण असतात. चार आकलनाचे, तीन स्वमताचे. घोळ होतो तो या तिनांत. कुणी दोन ओळींत उरकतं, तर कुणी पानभर धडाच पुन्हा सांगतं. बाईंचं माप साधं आहे: एका गुणाला एक मुद्दा, एका मुद्द्याला दोन वाक्यं. म्हणजे सहा-सात ओळी. हा मंडळाचा नियम नव्हे, वह्या तपासून बसलेला अंदाज.

उदाहरणाला त्या रा. ग. जाधवांचा ‘शाल’ हा पाठ घेतात. पु. ल. देशपांडे यांनी दिलेली शाल जाधव वाईला असताना कृष्णेच्या घाटावर, थंडीत कुडकुडणाऱ्या एका बाळासाठी देऊन टाकतात. ‘या कृतीमागचा विचार स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर प्रसंगाला एकच वाक्य पुरे. उरलेल्या जागेत ‘का’ यायला हवं. सन्मानाची शाल पेटीत नुसती राहते, बाळाला ऊब देते तेव्हा ती कामाला येते, हा धागा उलगडला की स्पष्टीकरण झालं.

‘वस्तूचं मोल गरजेवरून ठरतं, या विधानाचं समर्थन करा’ म्हटलं, की बाजू आधीच ठरलेली असते. तिथे ‘पण दुसरीकडे’ लिहिणं म्हणजे गुण घालवणं. पाठातला एक पुरावा, अनुभवातला एक, आणि दोन्ही विधानाला कसे जोडले जातात ते. अनुभव खरा असावा. ‘माझ्या आजोबांनी भिकाऱ्याला घोंगडी दिली’ हे वाक्य एकाच गठ्ठ्यात वारंवार भेटलं, की परीक्षकाला सगळे आजोबा एकाच क्लासातले वाटू लागतात!

‘तुमचं मत लिहा’ किंवा ‘भाष्य करा’ इथे मात्र बाजू उघडी असते. भेट मिळालेली वस्तू परस्पर देऊन टाकावी का, असा प्रश्न असेल तर ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात. फक्त पहिल्याच वाक्यात भूमिका हवी आणि पुढे कारण. मुलं इथेच बिचकतात. मत द्यायचं टाळून ‘शाल खूप महत्त्वाची आहे’ असं काहीतरी लिहितात.

उत्तर आज्ञेला धरून आहे का, हे ओळखायची युक्ती बाईंनी शोधली आहे. उत्तर लिहून झालं, की प्रश्नातली आज्ञा बोटाने झाकायची आणि नुसत्या उत्तरावरून ती शेजाऱ्याला ओळखायला लावायची. शेजारी ‘सारांश लिहा’ म्हणाला, तर ते उत्तर पुन्हा लिहायचं.

कवितेच्या रसग्रहणाला चार गुण असतात, तिथे दहा-बारा ओळी लागतात. पुढे कलिन्याच्या विद्यापीठात मराठी घेणाऱ्यांना ‘चर्चा करा’ भेटतं, आणि सहा ओळींत थांबायची हीच सवय तिथे मोडावी लागते.